संशय घ्या, पण कशाचा ते तरी सांगा

आज सकाळी दुकानाचं शटर वर करतोय तोवर मेल आला. पेमेंट संशयास्पद, दुकानाच्या ऑनलाइन जाहिरातींचं खातं बंदच राहणार, निर्णय अंतिम. अपिलाला दुसऱ्यांदा हेच उत्तर! कुठलं पेमेंट, कुठल्या दिवसाचं, एक अक्षर नाही.

मी नववीत असताना एक पोरगा आमच्या गुजरीतल्या दुकानात दोन पाटल्या मोडायला आला होता. एकटाच, पावती नाही, नजर खाली. बाबांना शंका आलीच. पण त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि तोंडावर सांगितलं, "बाळ, पावती नाही आणि तू एकटा आलायस, म्हणून मला हे घेता येत नाही. घरातलं मोठं कुणीतरी आण." तासाभरात तो आईला घेऊन आला, वडील दवाखान्यात होते.

मला एवढं सांगणारं कुणी भेटलं नाही. शेवटी स्वतःच बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसलो तेव्हा कळलं. डेबिट कार्ड बदलून नवीन आलं होतं आणि नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम, आपण अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करायचे असतात. पाडव्याच्या गडबडीत कुठलं लक्षात राहतंय, दहा मिनिटांत चार वेळा पैसे भरले, चारही वेळा फेल, मग वहिनीचं कार्ड टाकलं आणि ते चाललं, म्हणून लगेच ठुशीच्या जाहिरातीचं रोजचं बजेट ३०० वरून २००० केलं.

चोरलेली कार्डं घेऊन बसलेला माणूसही असंच करतो. एक चालेना की दुसऱ्या नावाचं टाकायचं, चाललं की बंद पडायच्या आत खर्च वाढवायचा. मान्य, शंकेला जागा होती. पण बाबांनाही होती की!

पहिलं अपील मी रागात लिहिलं, तीस वर्षांचं दुकान, आम्ही प्रामाणिक वगैरे. त्यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं. दुसऱ्यात जीएसटी सर्टिफिकेट लावलं, त्यानं दुकान खरं ठरतं, वहिनीचं कार्ड मी तिला विचारून वापरलं हे कुठं ठरतं? भाचा म्हणाला, मामा, दुसऱ्या नावानं नवीन खातं काढू. नको म्हटलं, तोच फोन, तेच कार्ड, मग तर खरंच लपवाछपवी दिसेल.

आज तिसरं लिहिलं, एका पानात. चार फेल व्यवहारांच्या वेळा आणि ते का फेल झाले, दोन्ही कार्डांचे फक्त शेवटचे चार आकडे, वहिनीच्या स्टेटमेंटवरची ती एक एंट्री, बाकी सगळं झाकून, आणि तिच्या सहीचं संमतीपत्र. शेवटी एवढंच, की अजून शंका असेल तर कुठल्या व्यवहाराची ते सांगा, त्याचा कागद देतो.

सही करताना वहिनी म्हणाली, "भावजी, माझ्या कार्डामुळं झालं का हो हे?" सकाळपासूनचा राग तिथंच उतरला. तिनं तर अडचणीला कार्ड दिलं होतं.

साडेचारला अपील पाठवलंय. त्या पोराची आई अजून आमच्याकडंच येते, गेल्या महिन्यात नातीला बाळ्या घेऊन गेली.