मागचे पाय गेले म्हणजे दर वेळी गादी सरकलेली नसते

"कुत्रा खेळता खेळता मागच्या पायांनी खाली बसला तर मणक्यातली गादीच सरकलेली असते. दुखत नसेल तर नसा मेल्या समजा. लगेच स्टिरॉइड द्या आणि चोवीस तासांत ऑपरेशन करा, नाहीतर जन्मभर ओढत चालेल."

नागपुरातल्या श्वानपालकांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज वाचून लोक माझ्या दवाखान्यात रडत येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गादीचं. त्रिमूर्तीनगरचा सहा वर्षांचा लॅब्राडॉर सकाळी मैदानावर चेंडूमागे धावताना एकदाच जोरात ओरडला आणि बसला. तासाभरात डावा मागचा पाय पूर्ण लुळा पडला, उजवा थोडा कमजोर झाला. माझ्यासमोर आणला तेव्हा मानेपासून शेपटीपर्यंत एकेक मणका दाबून पाहिला; तो मजेत बिस्किट खात होता. डावा पंजा उलटा करून ठेवला तर तसाच राहिला, उजवा त्याने जरा उशिरा का होईना, पण सरळ केला. दुसऱ्या दिवशीही तब्येत तेवढीच होती, बिघडली नव्हती.

हे चित्र फायब्रोकार्टिलॅजिनस एम्बोलिझमचं, म्हणजे एफसीईचं आहे. गादीच्या गाभ्यासारख्या कूर्चेचा बारीक कण मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडकतो आणि तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. रज्जूवर बाहेरून दाब नसतो, म्हणून पहिल्या ओरडण्यानंतर दुखणं उरत नाही. बहुतेकदा एक बाजू जास्त जाते आणि जे बिघडायचं ते साधारण पहिल्या चोवीस तासांत बिघडून थांबतं. हा आजार मोठ्या जातींत जास्त दिसतो.

सरकलेली गादी मात्र रज्जू दाबते. असा कुत्रा पाठ कमानीसारखी करतो, उचलताना किंचाळतो, जिना टाळतो, आणि तासांत किंवा दिवसांत ढासळत जातो. डॅक्सहुंड, बीगल, पेकिनीज यांच्यात हे नेहमीचं. दोन्हींच्या सीमेवरच्या केसेस असतात, तिथे एमआरआयच निर्णय देतो. साध्या एक्स-रेत रज्जू दिसत नाही. तो काढायचा तो मुख्यतः फ्रॅक्चर नाही ना हे बघायला.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो ऐकून लोक आशा सोडतात. पाठ दाबल्यावर न दुखणं वेगळं आणि बोटाला संवेदना नसणं वेगळं. नसांचं बघायचं तर आम्ही मागच्या पायाच्या बोटाचं हाड चिमट्याने घट्ट दाबतो. नुसता पाय आखडला तर त्यावरून काहीच ठरत नाही. तो रिफ्लेक्स मेंदूपर्यंत न जाताही होतो. कुत्र्याने मान वळवून पाहिलं, ओरडला किंवा चावायला आला, तरच संदेश वर पोचला. या लॅब्राडॉरने झटकन वळून माझा हात धरला. असा कुत्रा बहुधा बरा होतो. ही खोल संवेदनाच गेली असेल, किंवा पाय ढिले पडून रिफ्लेक्सही नसतील, तर आशा बरीच कमी होते, आणि ते मालकाला स्पष्ट सांगावं लागतं.

आता स्टिरॉइड. एफसीईत त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. पोटात अल्सर आणि रक्तस्राव मात्र होऊ शकतो, विशेषतः घरी कुणी आधीच मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्यावरचं औषध दिलेलं असेल तर. ऑपरेशनचं म्हणाल, तर एफसीईत काढून टाकण्यासारखं काही नसतंच. गादीचा दाब असेल आणि खोल संवेदना गेली असेल तर खरंच तासांचा प्रश्न असतो, म्हणून त्याच दिवशी दाखवायला हवंच. घाई तपासणीची करा, इंजेक्शनची नको.

उपचार आहे तो सेवेचा आणि व्यायामाचा. गादी नाही हे ठरेपर्यंत पिंजऱ्यात पूर्ण विश्रांती. ठरल्यावर मात्र डांबून ठेवू नका: पोटाखाली टॉवेल घालून दिवसातून अनेकदा उभं करा, सांधे हलवा. लघवीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. थेंब थेंब गळतेय म्हणजे होतेय असं नाही. मूत्राशय तुडुंब भरून ओसंडत असू शकतं. ते दिवसातून तीन-चारदा हाताने रिकामं करायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. जाड गादीवर झोपवून दर चार तासांनी कूस बदला. आपल्या मे महिन्यात तर त्याला उन्हातून सरकताही येत नाही, हे लक्षात ठेवून सावली आणि पाणी तोंडाशी द्या.

बहुतेकांत पहिल्या दोन आठवड्यांत हालचाल परतू लागते, पुढची सुधारणा काही महिने चालते. हा लॅब्राडॉर तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून चालला. दमला की डावा पंजा अजून घासतो, म्हणून त्याला फिरताना रबरी मोजा घालतात.

पहिल्या दिवसानंतरही कमजोरी वाढत गेली, पाठ दुखू लागली किंवा पुढचे पायही गेले, तर एफसीईचं निदान धरून बसू नका, पुन्हा तपासा. आणि पाय लुळे पडणं रेबीजमध्येही दिसू शकतं, म्हणून त्याची लस झालेली नसेल तर कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.