चोवीस बाकांचा राजवाडा

आमचे कलाशिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले आणि राजवाडा माझ्या गळ्यात पडला. मी गणित शिकवते. माझा रंगभूमीशी संबंध शिवाजी मंदिरच्या कँटीनमधल्या बटाटेवड्यापुरता. पण मोठ्या बाईंचं तर्कशास्त्र वेगळं होतं. "नेपथ्य म्हणजे काय हो शेवटी? मोजमापच ना! मग ते तुमचंच काम." पाठोपाठ बजेट जाहीर झालं. रुपये २,०००, आणि पावत्या जोडायच्या.

नाटक सातवीचं. पहिला प्रवेश राजवाड्यात, दुसरा जंगलात, तिसरा नदीत. नदीकाठी नव्हे, नदीत. नाटक लिहिणाऱ्या मराठीच्या बाईंना मी विचारलं, की नदी टाळता येईल का. त्या म्हणाल्या, "नदी काढली तर नाटकाचा आत्मा जाईल." दोन हजारांत आत्मा बसत नाही, हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

ठरलं असं, की वर्गातलं सामान वापरायचं आणि विकत फक्त कापड आणायचं. रंगमंच म्हणजे शाळेचाच हॉल. एका विंगेपासून दुसऱ्या विंगेपर्यंत २२ फूट. मागच्या भिंतीवर सुविचाराचा फळा, बंद पडलेलं घड्याळ आणि अग्निशामक नळकांडं. राजाच्या दरबारात यातलं काहीच शोभणार नव्हतं, म्हणून मागे १० फूट उंचीचा पडदा हवा होता. मी हिशेब केला. २२ फूट म्हणजे २६४ इंच. मांजरपाटाचा पन्हा ४४ इंच. २६४ भागिले ४४ बरोबर ६. बाकी शून्य! गणिताच्या शिक्षकाला बाकी शून्य आली की कसं शांत वाटतं, ते इतरांना कळायचं नाही. सहा पट्टे, वर-खाली दुमडायला आणि आटायला धरून प्रत्येकी ११ फूट, म्हणजे एकूण २० मीटर. मंगलदास मार्केटात जाऊन ४५ रुपये मीटरने मांजरपाट घेतला आणि संध्याकाळी साडेसहाच्या लोकलमध्ये तो गठ्ठा छातीशी धरून परळपर्यंत उभी आले. लेडीज डब्यातल्या एका बाईंनी बाळ समजून मला जागा द्यायची तयारी दाखवली होती. जवळून पाहिल्यावर त्या पुन्हा बसल्या.

पट्टे शिवून, बांबूवर चढवून पडदा टांगला आणि सगळ्यांची तोंडं पडली. कापड चापूनचोपून ताणलं गेलं होतं. प्रत्येक शिवण दोरीसारखी दिसत होती, प्रत्येक सुरकुती तिरकी, आणि घड्याळाचा गोल त्यातून स्पष्ट उठून दिसत होता. राजवाडा कसला, एक्स-रे काढायच्या खोलीतला पडदा! तेवढ्यात बांबू घेऊन आलेला मांडववाला म्हणाला, "बाई, पडद्याला पोट पाहिजे. दीडपट घ्यायचं असतं." म्हणजे २२ फूट झाकायचे तर कापड ३३ फूट रुंद हवं. मग त्याला चुण्या पडतात, आणि चुण्यांच्या सावल्यांमध्ये शिवण, सुरकुती, घड्याळ सगळं बुडून जातं. सहाऐवजी नऊ पट्टे. माझी बाकी शून्य नव्हती, तीन होती.

पुन्हा मंगलदास, आणखी १० मीटर. दुकान तेच, दर तोच, पण तागा वेगळा, त्यामुळे रंगही वेगळा. जुने सहा पट्टे पिवळसर, नवे तीन करडे. शिवाय दिव्याखाली फिकट कापड इतकं उजळतं, की पुढे उभ्या पोरांचे चेहरे काळवंडतात. यावर इलाज स्टाफरूममध्येच होता. चहाची भुकटी अर्धा किलो. मात्र कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती आधी भिजवून, खळखळून धुवून काढावी लागते. नाहीतर चहा वरच्यावर घसरतो आणि कापड नंतर, म्हणजे टांगल्यावर, आटतं. आम्ही पिंपात कापड बुडवलं. पिंप लहान, कापड फार, त्यामुळे कुठे गडद चढला, कुठे फिका. वाळल्यावर तो डागाळलेला पडदा जुन्या दगडी भिंतीसारखा दिसू लागला. मराठीच्या बाई म्हणाल्या, "काय सुंदर टेक्स्चर साधलंत!" मी नम्रपणे मान खाली घातली.

मग पंखे लावले, आणि भिंत फुगली. हॉलमध्ये आठ पंखे आहेत आणि मुंबईत ते बंद ठेवून नाटक दाखवलं तर पालक मध्यंतरालाच घरी जातील. पडद्याच्या खालच्या दुमडीत मी वर्गातल्या लाकडी मीटरपट्ट्या सरकवल्या. पुढच्या झुळकेला भिंत मीटरपट्ट्यांसकट पुढे आली आणि तिने प्रधानजींच्या पोटऱ्यांवर मारलं. पीटीचे सर म्हणाले, लेझीम बांधा, लोखंडी साखळी असते. बांधली. वारा आला की राजवाड्यात मिरवणूक निघाल्यासारखा आवाज. शेवटी लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू कामाला आली. उरलेल्या कापडाच्या मनगटाएवढ्या जाड नळ्या शिवल्या, त्यांत वाळू भरली आणि त्या दुमडीत झोपवल्या. भिंत स्थिर झाली. आंतरशालेय स्पर्धा होईपर्यंत लांब उडी मात्र सिमेंटवर पडायची.

आता सिंहासन. हॉलची जमीन सपाट आहे. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले तेव्हा कळलं, की पुढच्या डोक्यांमुळे रंगमंचावरचं गुडघ्याखालचं काही दिसतच नाही. राजा उंचावर हवा. आमच्या दहावीच्या वर्गात जुनी लाकडी बाकं आहेत, डेस्क वेगळं आणि बसायचं बाक वेगळं. डेस्कची फळी उतरती. तिच्यावर राजा बसवला तर तो पहिल्याच संवादाला घसरून प्रजेत जाईल. म्हणून बसायची आठ बाकं एकमेकांना लावून ओटा केला. आठ फूट बाय चार फूट, उंची १७ इंच. बाक पुढेमागे हलत नाही, पण आडवं डुलतं, म्हणून पाय सुतळीने न बांधता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तिरके, फुलीसारखे आवळले. सुतळी नाचानाचीत सैल होते, रबर आवळूनच धरतं.

खरी मेख त्याच्यावरच्या कापडात होती. मी हौसेने सगळ्या ओट्यावर लाल साटीन पसरलं, मुलांना चढवलं, आणि राणी गुडघ्यापर्यंत नाहीशी झाली. म्हणजे तिचा पाय दोन बाकांमधल्या फटीत गेला. कापडाखाली फट आहे हे तिला दिसणार कसं? कडाही दिसत नव्हती आणि वर साटीन सटकत होतं. तेव्हापासून नियम केला. कापड फक्त समोरच्या दर्शनी बाजूला, पाय पडेल तिथे स्टाफरूमची सतरंजी, चारही बाजूंनी ताणून खिळ्यांनी पक्की, आणि कडेला पांढरी चिकटपट्टी. फटींमध्ये जुने नकाशे घड्या घालून ठोसले. राजाच्या पायाखाली अख्खा आशिया खंड होता, पण हे प्रेक्षकांना कळायचा मार्ग नव्हता.

बारा डेस्कं उभी करून तिघातिघांचे त्रिकोण बांधले. उभं डेस्क एकटं पडतं, त्रिकोण पडत नाही. हे मी वीस वर्षं फळ्यावर सांगत आले आहे, पण मुलांचा विश्वास त्या दिवशी बसला. वरच्या बांबूपासून डेस्कांवर सैल साडी सोडली की राजवाड्याचा खांब, तीच साडी पिळून सुतळीने गुंडाळली की झाडाचा बुंधा. उरलेली चार बाकं आडवी पाडून पाण्यातली होडी. बाकं उलटी केली तेव्हा खालच्या बाजूला गेल्या पंधरा वर्षांचं च्युइंगम दिसलं, काही ताजं. शिवाय पेन्सिलीने लिहिलेलं वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र. चुकीचं. ज्याने लिहिलं तो त्याच सूत्राने नापास झाला असणार, याचं मला जरा समाधान वाटलं.

प्रवेश बदलायला अंधारात चाळीस सेकंद. पहिल्या तालमीत फरफटणाऱ्या बाकांनी अशी किंकाळी फोडली, की खालचा वॉचमन वर आला. मग हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतले शाळेचे मोजे बाकांच्या पायात चढवले. पेटीत एकाही मोज्याला जोडी नव्हती, आणि बाकांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

एक गोष्ट राहिली. १७ इंच म्हणजे नेहमीच्या पायरीच्या दुप्पट उंची, आणि राजा धोतर नेसलेला बारा वर्षांचा मुलगा. मध्ये आठ इंचांचा चौरंग ठेवला, म्हणजे आठ आणि नऊ अशा दोन सोप्या पायऱ्या. तालमींत राजा ऐटीत चढायचा.

प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडला. राजा आला, पाय उचलला, आणि थांबला. चौरंग नव्हता. मी विंगेतून वेड्यासारखी इकडेतिकडे पाहू लागले आणि मग रंगमंचासमोर, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी नजर गेली. दीपप्रज्वलनाची समई त्याच चौरंगावर तेवत होती.

राजाने एकदा प्रयत्न केला. धोतर टर्रकन बोललं. हॉल गप्प. तेव्हा प्रधानजी, म्हणजे एरवी वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारं पोरगं, पुढे झाले, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "महाराज, या सेवकाच्या मांडीवर पाय द्या." राजा मांडीवरून चढला. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुण्यांनी नंतर भाषणात सत्ता जनतेच्या मांडीवरच उभी असते, असं काहीतरी सांगितलं आणि दिग्दर्शकाच्या प्रतीकयोजनेचं कौतुक केलं. मराठीच्या बाईंनी नम्रपणे मान खाली घातली.

नदीही बरी वाहिली. दोन मुली निळ्या साडीची टोकं धरून हलवत होत्या. हळू, हळू, असं मी दातओठ खाऊन सांगत होते, कारण तालमीत त्या धुणं झटकल्यासारखं झटकायच्या. होडी जमिनीलगत असल्याने मागच्या रांगांना फक्त तरंगती डोकी दिसली. ते त्यांना फार आवडलं म्हणे.

दुपारच्या अधिवेशनाची घंटा साडेबाराला होते, त्याआधी सगळी बाकं तिसऱ्या मजल्यावर परत पोचायला हवी होती. मुलांनी ती मोज्यांसकट वर नेली. शिपाई काकांनी वहीत टिक केली, मग पुन्हा मोजली, मग मला बोलावलं.

"बाई, खाली नेली चोवीस. वर आली पंचवीस."

मी मोजली. पंचवीस. प्रत्येक वर्गात विचारलं, कोणाचं बाक कमी नाही. हॉलमध्ये मुळात बाकच नसतं. त्या पंचविसाव्याच्या पायात मोजेही होते. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही गणिताच्या ना?"