कॅटामरान उलटते, आणि उलटली की सरळ होत नाही

गावागावांतल्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: "गोसीखुर्दच्या पाण्यावर शिडाची बोट घ्यायची तर कॅटामरानच घ्या. दोन हल असल्यामुळे ती कधीच उलटत नाही, आत पाण्याचा पेलासुद्धा हलत नाही, गुडघाभर पाण्यात चालते आणि दोन इंजिनं असल्यानं कुठल्याही जेट्टीला सहज लागते. एका हलच्या बोटी आता जुन्या झाल्या."

हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं धड. सुरुवात स्थिरतेपासून करू, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते.

एका हलच्या शिडाच्या बोटीला कील, म्हणजे तळाखाली जड पातं, असते. बोटीच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा जास्तच त्या शिशात किंवा लोखंडात असतो. वारा वाढला की बोट कलते. जितकी कलते तितकी कील तिला जोरानं मागे ओढते आणि शिडावरचा वारा निसटत जातो. चांगल्या बांधणीची कीलवाली बोट ११५ ते १२५ अंशांपर्यंत, म्हणजे डोलकाठी पाण्याखाली गेली तरी परत उभी राहते.

कॅटामरानचं गणित वेगळं. तिला सरळ ठेवते ती रुंदी. वाऱ्याच्या बाजूचा हल पाण्याबाहेर उचलला जातो, तेव्हा, म्हणजे जेमतेम १० ते १५ अंशांवर, तिचं सगळं बळ वापरून झालेलं असतं. तिथून पुढे ते कमीच होत जातं, आणि ८०-९० अंशांच्या आसपास संपतं. पालथी झालेली कॅटामरान तितकीच स्थिर असते, फक्त उलट्या बाजूनं. मोठ्या कॅटामरानला पालथी झाल्यावर बाहेर पडण्यासाठी आपत्कालीन झडप ठेवतात ती त्यामुळेच.

आकडे घालून पाहू. १२ मीटर लांबीची, १० टनांची कॅटामरान, दोन हलच्या मध्यरेषांमधलं अंतर ५ मीटर. तिचं जास्तीत जास्त सावरणारं बळ म्हणजे वजन गुणिले निम्मं अंतर, १० गुणिले २.५, म्हणजे २५ टन-मीटर. ताशी ३७ किलोमीटर वाऱ्यात सगळी शिडं उघडी असली तर उलटवणारं बळ ढोबळमानानं ६ टन-मीटर येतं. चौपट शिल्लक आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वारा दुप्पट झाला की ६ चे २४ होतात. म्हणजे ताशी ७४ किलोमीटरला ही बोट उलटण्याच्या बेतात येते.

आता तलावावर परवडेल आणि ट्रेलरवर येईल अशी ७ मीटरची बोट घ्या, त्याच प्रमाणात लहान केलेली. बोट लहान होताना उलटवणारं बळ लांबीच्या घनानं घटतं, पण सावरणारं बळ चौथ्या घातानं घटतं. वजन २ टन आणि निम्मं अंतर सुमारे दीड मीटर उरतं, म्हणजे सावरायला ३ टन-मीटरसुद्धा नाही. हाच हिशेब पुढे नेला तर तिची मर्यादा ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास येते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत, नवतपाच्या आगेमागे, हवामान खात्याचा मेघगर्जनेसह ताशी ५० ते ६० किलोमीटर वाऱ्याचा इशारा ही नेहमीची गोष्ट आहे. मोठ्या समुद्री बोटींचे व्हिडिओ पाहून लहान बोटीबद्दल निष्कर्ष काढला की असं होतं.

त्यात कॅटामरान आधी सांगत नाही. कीलवाली बोट २० अंश कलली की डेकवरचा प्रत्येक माणूस आपणहून शीड कमी करा म्हणतो. कॅटामरान ५ अंशांवर शांत बसलेली असते आणि हल उचलला जाईपर्यंत तशीच दिसते. म्हणून तिच्यावर शीड वाऱ्याच्या मीटरवरून कमी करायचं, अंगाला काय जाणवतं यावरून नाही. बनवणाऱ्यानं दिलेला तक्ता सुकाणूजवळ चिकटवा. आभाळ काळं भरून आलं आणि वाहता वारा एकाएकी पडला, तर मुख्य शीड पूर्ण उतरवा. पहिल्या झोताची वाट पाहू नका. झोत आलाच तर मुख्य शिडाचा दोर लगेच सैल सोडता यायला हवा, तो कायमचा गाठ मारून ठेवू नका.

कॅटामरानच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे. तिच्यात जड शिसं नसतं. हलला भोक पडलं तरी बंद कप्प्यांमुळे ती बहुतेक वेळा तरंगत राहते, आणि कीलवाली बोट पाणी भरलं की तळाला जाते. शिवाय कील नसलेली उघडी बोट एकाच हलची असली तरी आपोआप सरळ होत नाही. वरचा सगळा हिशेब कीलवाल्या बोटीचा आहे, आपल्या ढिवर बांधवांच्या डोंग्याचा नाही.

आरामाचं म्हणाल तर संथ पाण्यावर कॅटामरान सरसच. पण जलाशयावरच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. त्या दोन हलमधल्या तळाला खालून आपटतात आणि आत बसलेल्याला प्रत्येक थाप ऐकू येते. या तळाची पाण्यापासूनची उंची माणसं चढली की घटते. ७ मीटरच्या कॅटामरानला साधारण ७०-७५ किलोंमागे १ सेंटिमीटर बुडवण येते. दहा माणसं बसली की ९ सेंटिमीटर गेले. रिकाम्या बोटीत ४० सेंटिमीटर असलेली उंची ३१ वर आली, आणि लाट अर्ध्या मीटरची असली तर थापा चुकत नाहीत. विकत घेताना उंची विचारायची ती भरलेल्या बोटीची.

कमी पाण्याचा मुद्दा बराचसा खरा आहे. अशा कॅटामरानला अर्धा मीटर पाणी पुरतं, स्थिर कीलवालीला मीटरभराहून जास्त लागतं. पण वर घेता येणाऱ्या कीलची बोटही कॅटामरानइतक्याच पाण्यात जाते. बुडीत क्षेत्रात खरा धोका असतो पाण्याखालच्या खोडांचा आणि जुन्या घरांच्या चौथऱ्यांचा. दोन हलच्या मध्ये खोड शिरलं तर बोट पुढे जात नाही आणि वळतही नाही. एका हलची बोट रुतली तर माणसं एका बाजूला बसवून ती कलवता येते, कील काही सेंटिमीटर वर येते आणि बोट सुटते. कॅटामरान कलत नाही, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. समुद्रात रुतलेल्या बोटीला काही तासांत भरती सोडवते. इथे सिंचनासाठी पाणी उतरत असताना रुतलात तर पाणी पुन्हा चढायला पावसाळा यावा लागतो.

आता जेट्टी. १२ मीटरच्या कॅटामरानमध्ये इंजिनं सुमारे ५ मीटर अंतरावर असतात. एक पुढे आणि एक मागे चालवलं की ती जागच्या जागी वळते, हे अगदी बरोबर. पण ७ मीटरच्या बोटीत बहुधा मध्यभागी, मागे टांगलेलं एकच आउटबोर्ड इंजिन असतं. ते जागच्या जागी वळवत नाही, आणि लाटेत पंखा पाण्याबाहेर आला की नुसतं फिरत राहतं. उंच बाजू आणि उथळ तळ यामुळे वेग कमी झाला की वारा बोट आडवी ढकलतो. म्हणून वाऱ्याला तोंड करून, वीसेक अंशांच्या कोनात या. पहिला दोर बोटीच्या मधल्या खुंटीवरून मागच्या दिशेला जेट्टीवर बांधा. मग इंजिन अगदी हळू पुढे ठेवा आणि सुकाणू जेट्टीपासून दूर वळवा, बोट जेट्टीला चिकटून राहते. त्यानंतर पुढचा-मागचा दोर सावकाश बांधा. जागा मोजून ठेवा: हिला रुंदीच ४ मीटर लागते, तेवढ्याच लांबीच्या एका हलच्या बोटीला अडीच.