उपकंपनी दहा टक्क्यांची, मग ऑडिट फी निम्म्याने का वाढते?

“एक उपकंपनी काय घेतली, ऑडिट पार्टनरने संचालक मंडळाला पत्र पाठवून फी निम्म्याने वाढवून मागितली आणि अहवालही पाच आठवडे पुढे ढकलला. उपकंपनी समूहाच्या दहा टक्के, म्हणजे काम दहा टक्के वाढलं. जास्त पैसे घेताय तर माणसं वाढवा आणि तारीख पाळा. हे पत्र म्हणजे आधी कमी सांगितलेली फी मागच्या दाराने वसूल करणं आहे.”

संचालकांच्या या तक्रारीचं उत्तर असं: ऑडिटचे तास उलाढालीच्या प्रमाणात चालत नाहीत. किती नोंदी तपासायच्या हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: तपासायची रक्कम किती, आणि त्यात किती चूक खपवून घेता येईल. या दुसऱ्या मर्यादेला परफॉर्मन्स मटेरियॅलिटी म्हणतात.

एक उदाहरण घेऊ, चलन कुठलंही धरा. मूळ कंपनीची ग्राहकांकडची येणी ९० लाख, मर्यादा ३ लाख. ९५ टक्के खात्री हवी असेल आणि चूक सापडण्याची अपेक्षा नसेल, तर रकमेवर आधारित नमुना निवडताना गुणक ३ येतो. ९० गुणिले ३, भागिले ३, म्हणजे ९० नोंदी. आता १० लाख येण्यांची उपकंपनी आली. दोन्हीकडे एकच संगणकप्रणाली, एकच मंजुरीची पद्धत असती, तर सगळी येणी एकत्र धरून १०० नोंदी पुरल्या असत्या आणि तक्रारीतला दहा टक्क्यांचा हिशेब जवळपास खरा ठरला असता.

पण विकत घेतलेली कंपनी बहुधा स्वतःची प्रणाली आणि स्वतःच्या सवयी घेऊन येते. मग दोघींची तपासणी स्वतंत्र करावी लागते, आणि इथेच समूहाच्या ऑडिटचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसए ६००, आड येतं. समूहातल्या प्रत्येक घटकाची, म्हणजे इथे प्रत्येक कंपनीची, मर्यादा समूहाच्या मर्यादेपेक्षा कमीच ठेवावी लागते, कारण दोन ठिकाणच्या न सापडलेल्या छोट्या चुका एकत्र येऊन मोठ्या होऊ शकतात. समूहाची मर्यादा ३ लाखच राहिली, मूळ कंपनीला अडीच लाख आणि उपकंपनीला १ लाख दिली, तर नोंदी होतात १०८ आणि ३०. एकूण १३८. मूळ कंपनीत काहीही बदललं नसताना तिथेही १८ नोंदी वाढल्या. प्रत्यक्षात कंपनीच्या अंतर्गत नियंत्रणांवर विसंबता आलं तर हे आकडे खाली येतात, पण नव्या कंपनीची नियंत्रणं आधी तपासावी लागतात, आणि तेही काम नवंच.

शिवाय ताब्याच्या तारखेचं सगळं काम वेगळं: मालमत्ता-देण्यांचं वाजवी मूल्य, त्याहून जास्त मोजलेली किंमत म्हणजे गुडविल, त्या दिवशीचा साठा. त्या दिवशी मोजणीला ऑडिटर हजर नसेल, तर नंतर मोजून आवक-जावक नोंदींवरून मागे जावं लागतं. मधल्या काळातली एक जरी माल-पावती गहाळ असली की हिशेब तिथेच अडतो.

माणसं वाढवून तारीख का सांभाळता येत नाही? कारण कामं एकामागून एक लागलेली असतात. व्यवस्थापनाच्या मूल्यांककाचा अहवाल येईपर्यंत ग्राहकसंबंधांसारख्या अमूर्त मालमत्तेचं मूल्य ठरत नाही. ते ठरल्याशिवाय स्थगित कर नाही, तो नाही तर गुडविल नाही, आणि गुडविलशिवाय एकत्रित ताळेबंद अपुरा. या रांगेत चार सहायक जास्त बसवले तरी मूल्यांककाचा अहवाल लवकर येत नाही. ग्राहकांकडून मागवलेल्या बॅलन्स कन्फर्मेशनचं, म्हणजे येणी बरोबर असल्याच्या लेखी दुजोऱ्याचंही तेच. उत्तर नाही आलं तर पुन्हा पत्र, तरीही नाही तर ताळेबंदानंतर आलेले पैसे आणि माल पोचल्याच्या पावत्या पाहायच्या. जिथे ऑडिट टीमबाहेरचा गुणवत्ता परीक्षक नेमलेला असतो, तिथे त्याचं परीक्षण संपल्याशिवाय अहवालावर तारीखही घालता येत नाही.

शेवटच्या आरोपात मात्र तथ्य असू शकतं, आणि ते पत्रावरूनच ओळखता येतं. चांगल्या पत्रात एंगेजमेंट लेटरमधली, म्हणजे ऑडिटच्या मूळ करारपत्रातली, कुठली गृहीतकं बदलली हे लिहिलेलं असतं. तास कामानुसार आणि पदानुसार फोडलेले असतात. पाचपैकी कुठला आठवडा कुठल्या कागदासाठी थांबला हेही असतं. फक्त “वाढत्या नियामक अपेक्षा” असं म्हटलं असेल तर पत्र परत पाठवावं. सुधारित आयएसए ६०० हे १५ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या कालावधींना लागू आहे, म्हणजे समूहाचं ऑडिट आधीपासून होत असेल तर त्याचा भार अलीकडच्या मूळ फीतच धरलेला असायला हवा होता.

मंडळाने तीन गोष्टी विचाराव्यात. खरेदी झाली नसती तर यातले कुठले तास लागलेच असते? ते मान्य करू नयेत. आपल्याच लेखा विभागाच्या उशिरामुळे किती तास गेले? ते ऑडिटरच्या माथी मारू नयेत. आणि यातले एकदाचेच कुठले? ताब्याच्या तारखेचं काम पुढच्या वर्षी पुन्हा करायचं नसतं. गुडविलचं मूल्य घटलं का हे पाहणारी घसरण-चाचणी दरवर्षी राहील, छोट्या मर्यादांमुळे वाढलेल्या नोंदीही राहतील, पण बाकीचे तास पुढच्या वर्षीच्या फीतून वजा व्हायलाच हवेत. ही वजाबाकी आजच लेखी घ्यावी.

पत्र कधी आलं हेही पाहा. ते जादा काम सुरू होण्याआधी यायला हवं, म्हणजे दोन्ही प्रणाली एकत्र करायच्या की मूल्यांकक लवकर नेमायचा, हा पर्याय मंडळापुढे खुला राहतो.