एकच वाक्य पानभर का येतं?

प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून आजोबांची 48 मिनिटांची मुलाखत अ‍ॅपला दिली. पहिल्यांदा अख्खी मुलाखत हिंदीत आली. सुरुवातीची ओळख कापून पुन्हा दिली तेव्हा मराठी आलं, पण सतराव्या मिनिटापासून 'मग आम्ही तिकडे गेलो' हे एकच वाक्य पानभर. मराठीसाठी ही अ‍ॅप्स निरुपयोगी आहेत, हातानेच टाइप केलेलं बरं."

नमस्कार. तुम्ही सांगितलेली लक्षणं व्हिस्परची आहेत. बोलणं ऐकून मजकूर लिहून देणारं, ओपनएआयने 2022 मध्ये खुलं केलेलं हे मॉडेल अनेक अ‍ॅप्सच्या पोटात असतं, तुमच्याही अ‍ॅपमध्ये तेच असावं. दोन्ही दोषांची कारणं माहीत आहेत आणि दोन्हींवर इलाज आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

भाषा सांगितली नसेल तर व्हिस्पर पहिल्या 30 सेकंदांवरून ती ओळखतं आणि पुढची सगळी फाइल त्याच भाषेत लिहितं. त्या अर्ध्या मिनिटात खुर्च्यांचे आवाज, इंग्रजी शब्द किंवा नुसती नावं असली की ते सहज हिंदीकडे झुकतं. तुम्ही ओळख कापलीत आणि मराठी आलं, ते यामुळेच. कापण्याची गरज नाही, सेटिंगमध्ये भाषा 'ऑटो' न ठेवता मराठी निवडा.

वाक्य पुन्हा पुन्हा येण्याचं कारण वेगळं आहे. हे मॉडेल आवाज 30-30 सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं, आणि पुढचा तुकडा लिहिताना मागच्या तुकड्याचा मजकूर संदर्भ म्हणून समोर ठेवतं. आजोबा आठवायला थांबले, मागे पंख्याची घरघर राहिली, की ऐकण्यासारखं काही नसतं. अशा वेळी ते मागचंच वाक्य पुन्हा लिहितं, मग तेच पुढच्या तुकड्याचा संदर्भ होतं आणि चक्र सुरू होतं. सतराव्या मिनिटाला रेकॉर्डिंग ऐकून पाहा, तिथे लांब शांतता किंवा अस्पष्ट आवाज सापडण्याची शक्यता खूप आहे.

हा संदर्भ बंद करता येतो. संगणकावर थेट व्हिस्पर चालवणार असाल तर एवढं पुरे:

```
ffmpeg -i mulakhat.m4a -ac 1 -ar 16000 mulakhat.wav
whisper mulakhat.wav --model large-v3 --language mr --condition_on_previous_text False
```

पहिली ओळ आवाज एका चॅनेलवर आणि 16 किलोहर्ट्झवर आणते, दुसरी भाषा ठरवते आणि मागचा संदर्भ तोडते. याची किंमत म्हणजे एखादं नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलं जाईल. ते शोधून बदलायला फार वेळ लागत नाही. अ‍ॅपमध्ये हा पर्याय नसेल तर लांब शांतता ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये कापा आणि फाइलचे आठ-दहा मिनिटांचे भाग करा, पण वाक्य संपेल तिथेच. मग चक्र सुरू झालंच तरी त्या भागापुरतं राहील.

मला मात्र पानभर आलेल्या त्या वाक्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त धास्ती वाटते. ते वाक्य निदान डोळ्यांना दिसतं. गळलेला मजकूर दिसत नाही. व्हिस्पर अक्षरांचे छोटे तुकडे करून लिहितं, आणि एका खेपेला जास्तीत जास्त 224 तुकडे लिहू शकतं. देवनागरी शब्दाचे इंग्रजीपेक्षा बरेच जास्त तुकडे पडतात. म्हणून कोणी भरभर बोलत असेल तर 30 सेकंद पुरे होण्याआधीच मर्यादा संपते आणि शेवटचं बोलणं कधीकधी सुटतं. 'आम्ही तिथं राहिलो नाय' यातला 'नाय' गळला तर उरलेलं वाक्य अगदी शुद्ध दिसतं आणि अर्थ नेमका उलटा होतो.

म्हणून नुसतं वाचून तपासू नका. एसआरटी फाइल घ्या, म्हणजे प्रत्येक ओळीला वेळ मिळते. आधी दोन ओळींच्या वेळांत मोठी फट कुठे आहे ते पाहा आणि तेवढा भाग ऐका. मग ज्या वाक्यांवर मुलाखतीचा अर्थ उभा आहे ती, म्हणजे नकार, आकडे, सालं आणि माणसांची नावं, आवाजाशी ताडून पाहा.

हाताने टाइप करण्याबद्दल तुमचं म्हणणं एका बाबतीत मला पूर्ण पटतं. आजोबा 'व्हतं', 'म्या' असं बोलत असतील आणि ती बोली जशीच्या तशी टिपायची असेल, तर मॉडेल बऱ्याचदा गुपचूप 'होतं', 'मी' करून टाकतं. तिथे मसुदा दुरुस्त करत बसण्यापेक्षा ऐकून लिहिणं खरंच बरं, कारण समोर छापलेला 'होतं' दिसला की कानालाही तोच ऐकू येतो. पण फक्त आशय हवा असेल तर भाषा ठरवून आणि संदर्भ बंद करून तीच फाइल पुन्हा चालवा, आणि सोळाव्या ते एकोणिसाव्या मिनिटाचा मजकूर आधी तपासा.