भावाचे 40 लाख आधी फेडा

कंपनी बुडते आहे, बँकेचे फोन तुम्ही उचलत नाही. उत्तम. आता सगळ्यात आधी भावाचे पैसे परत करा. वसईच्या कारखान्यासाठी त्याने दिलेले 40 लाख एकरकमी आरटीजीएस करा. पत्रावाल्याची बिलं सहा महिने थकली आहेत, पण तो काय तुमच्या रक्ताचा? कामगारांना म्हणावं, गणपती होऊ दे, मग बघू.

हिशेब टॅलीमध्ये नीट टाका, म्हणजे बुडालेली कंपनी विकून देणी भागवणाऱ्या लिक्विडेटरला शोधत बसावं लागणार नाही. सगळी देणी वाढत असताना एकाच संध्याकाळी एका माणसाचं खातं शून्य झालेलं दिसलं, की त्याला चहासुद्धा थंड करावा लागत नाही.

मग कुणाला आधी पैसे मिळतात, त्या रांगेचा हिशेब तो मांडेल. मशीन आणि गाळा विकून समजा 1 कोटी 20 लाख येतात, आणि एकट्या बँकेचंच देणं 3 कोटी. म्हणजे तारण नसलेल्या भावाच्या वाट्याला रांगेत काहीच आलं नसतं, आणि त्याला मिळाले 40 लाख. जुनं देणं होतं, आणि फेडल्यामुळे तो रांगेपेक्षा वरचढ ठरला. असा व्यवहार उलटवायला दिवाळखोरी संहितेच्या कलम 43 ला एवढंच पुरतं. ‘मनात पाप नव्हतं’ हे तुम्ही कितीही कळवळून सांगा, मनाबद्दल तिथे कुणी विचारतच नाही.

‘हा तर नेहमीचा व्यवहार’ असंही म्हणून बघा, अशा व्यवहारांना सवलत आहेच. जेपी इन्फ्राटेकच्या खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीतला ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ असा वाचला. म्हणजे व्यवहार देणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही नेहमीच्या कामकाजातला हवा. दरमहा पत्र्याचं बिल भरलं असतंत तर चाललं असतं. पण ते तुम्हाला कसं सुचणार!

तारखांचा डाव मात्र खरा हुशारीचा. एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचं न्यायाधिकरण, दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतं त्या दिवसापासून मागे किती काळातले व्यवहार तपासायचे ते मोजतात: परक्यासाठी 1 वर्ष, नातेवाइकासाठी 2 वर्षं. म्हणून कफ परेडच्या त्या न्यायाधिकरणात शक्य तितक्या तारखा मागा. तोवर 90 लाखांचा गाळा बायकोला 30 लाखांत विका. धनकोंच्या हाती लागू नये म्हणून मुद्दाम विकलात असं दिसलं, तर कलम 49 ला वर्षांची मुदत नाही. धंदाच फसवणुकीसाठी चालवलात असं ठरलं, तर कलम 66 खाली तुमच्या स्वतःच्या खिशातून भरपाई.

लिक्विडेटर स्वतः काही उलटवत नाही हं, तो अर्ज करतो, आदेश न्यायाधिकरणाचा. मग भावाचे 40 लाख कंपनीच्या खात्यात परत येतात. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे 24 महिन्यांपर्यंतचे थकीत पगार आणि तारण सोडून दिलेली बँक, एकाच पायरीवर. भावाचं देणं पुन्हा जिवंत होतं, तो रांगेत मागे उभा राहतो, पत्रावाल्याच्याच जवळपास. त्या दोघांची ओळख नसेल, तर करून द्या.