जावई आणि नऊ दाते

परवा धुळ्याकडे सासुरवाडीला जाताना एका शेतात ट्रॅक्टर चाललेला दिसला. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘नांगरणी सुरू!’ एवढाच माझा गुन्हा. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत चुलतसासरे आबा मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले.

उजवा हात वरण-बट्टीत, डाव्या हातात मोबाइल. फोटो नाकापर्यंत मोठा करून म्हणाले, “जावईबापू, दाते मोजा.”

मोजले. नऊ.

“नांगरले नऊ दाते पाह्यले कधी?”

वाढपी थांबला. पुढची पंगतसुद्धा थांबली असावी.

आबांनी वांग्याच्या भाजीत बोट फिरवून तास, म्हणजे नांगराचा चर, काढला. पलटी नांगराला खाली दोन-तीन फाळ, तेवढेच वर आभाळाकडे तोंड करून. माती उचलून एका अंगाला पालथी पडते, ढेकळं हांड्याएवढी निघतात. “आणि ट्रॅक्टर वाकडा चालतो. एक बाजूची चाकं तासात उतरेल राहतात. तुमचा तर सरळ उभा शे, नवरदेवासारखा!” प्रत्येक दात्यामागे स्प्रिंग होती, म्हणजे दगड लागला की दाता मागे सरकतो. माती नुसती खरवडलेली, पालथी कुठेच नाही. मोगडा. दुकानात त्यालाच कल्टिव्हेटर म्हणतात.

मी कबूल केलं. तरी आबांनी दुसरा फोटो उघडला. तवे होते, मी धीर करून म्हणालो, “हॅरो.”

“किती तवे?” तीन. मोठे, तिरपे, प्रत्येकाची दांडी वेगळी. तो तव्यांचा नांगर निघाला. हॅरोचे तवे लहान आणि पुष्कळ, एकाच दांड्यावर ओवलेले असतात, ढेकळं फोडायला. आता बट्टी गार झाल्यावर हा फरक कोणाला दिसतो?

तिसरा फोटो मागून काढलेला, धुळीत. नऊ दाते! “मोगडा,” मी ओरडलोच.

“पेरणी यंत्र,” आबा शांतपणे म्हणाले. “वरती डबा पाहा. दात्यापर्यंत नळ्या उतरेल शेत. आणि रान केवढं भुसभुशीत! ढेकळांत कोण पेरतं?”

“आबा, डबा आणि नळ्या काढल्या तर?”

ते थोडं थांबले. “मग… मोगडाच म्हना. बऱ्याच ठिकाणी मोगड्यावरच डबा बसवतात.”

म्हणजे फरक एका डब्याचा! त्यासाठी माझा शंभर माणसांत पंचनामा. मी कधी यांना विचारतो का, की वायफायच्या राउटरला दोन अँटेना कशाला? हेच लोक मला रात्री साडेदहाला फोन करून विचारतात, “स्क्रीन काळी झाली, काय करू?” तेव्हा मी पंगत बोलावत नाही.

आज सकाळी आबांचा मेसेज आला. लाल काहीतरी, धुळीत अर्धं बुडालेलं. खाली एकच शब्द, ‘ओळखा’.

मी लिहिलं, ‘ट्रॅक्टर.’

निळ्या खुणा होऊन दोन तास झाले.